भाव पडला म्हणजे नेमकं काय पडलं?

कमोडिटी फेटिशिझम म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे शॉपिंगच्या वेडाबद्दल आहे, ब्रँडचं खूळ, नवा फोन आला की जुना नकोसा होतो वगैरे. तसं नाहीये. ज्याला ब्रँडचं काडीचंही कौतुक नाही, जो गरजेपुरतंच विकत घेतो, अगदी संन्यासी वृत्तीचा माणूस, तोही बाजारात गेला की या फेटिशिझममध्ये असतोच, कारण हा प्रकार डोक्यातल्या हौसेचा नाही, बाजार चालतो कसा त्याचा आहे. कार्ल मार्क्सने १८६७ साली आलेल्या 'भांडवल'च्या पहिल्याच प्रकरणात हे मांडलं, आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं की बाजारात माणसामाणसांमधले संबंध हे वस्तूंमधले संबंध असल्यासारखे दिसायला लागतात, आणि वस्तूंना जणू स्वतःची ताकद असल्यासारखं आपण वागतो.

हे वाक्य पहिल्यांदा वाचल्यावर डोक्यावरून जातं. म्हणून एकच केस घेऊया आणि ती नीट उलगडून बघूया. केस मार्क्सचीच आहे, हातमागाच्या विणकराची. त्याने ती दोन-तीन वाक्यांत उरकलीये, पण मला वाटतं फेटिशिझम समजायला त्याच्या पुस्तकातलं नाचणारं टेबल (हो, तेही आहे त्यात) वाचण्यापेक्षा हा विणकर जास्त कामाचा आहे.

तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड. एक विणकर आपल्या घरात हातमागावर सुती कापड विणतोय. समजा एक तागा विणायला त्याला दहा तास लागतात (आकडा मी सोयीसाठी धरतोय). कापड चांगलं आहे, त्याचा हात बसलेला आहे, आणि त्या ताग्याच्या पैशातून त्याचं घर चालतं. आता तिकडे कारखान्यांत यंत्रमाग यायला लागतात. एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट १७८५ मध्येच घेतलं होतं पण सुरुवातीची यंत्रं धड चालत नव्हती, त्यामुळे ब्रिटनमध्ये १८१३ साली साधारण २,४०० यंत्रमाग होते असा अंदाज आहे. १८३३ पर्यंत ते १ लाखाच्या आसपास गेले. मार्क्स म्हणतो की यंत्रमागामुळे तेवढंच सूत विणायला लागणारी मेहनत बहुधा निम्म्यावर आली.

आता आपल्या विणकराकडे परत या. त्याच्या खोलीत काय बदललं? काहीच नाही. माग तोच, सूत तेच, हात तोच, दहा तासही तेच. ताग्यात एक धागा इकडचा तिकडे झालेला नाही. पण तो तागा घेऊन व्यापाऱ्याकडे गेला की व्यापारी म्हणतो भाव पडलाय, आणि आधी पाच तासांच्या कामाला जेवढं मिळायचं तेवढंच आता दहा तासांच्या कामाला मिळतं. उरलेले पाच तास कुठे गेले? कोणी चोरले नाहीत, व्यापाऱ्याने वजनात मारलं नाही, कापडात खोट निघाली नाही, ते तास हिशोबातून गळालेच.

प्रत्यक्षात झालंय काय, तर दूर कुठल्यातरी गिरणीत यंत्रमागांपुढे उभं राहून, बहुतेकदा एखादी बाई किंवा अर्धवट वयाचा पोरगा, कमी मजुरीवर तसलंच कापड जास्त वेगाने काढतोय. त्या पोराचा आणि आपल्या विणकराचा संबंध जुळलाय, आणि तो इतका घट्ट आहे की पोराच्या मागाचा वेग वाढला की विणकराच्या ताटातली भाकरी कमी होते. पण दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, कधी भेटणार नाहीत, आणि भेटले तरी ओळखायचं कशावरून? त्यांची भेट होते ती फक्त एका जागी, ताग्याच्या भावात. आणि तिथे ती माणसांची भेट म्हणून दिसतच नाही, दिसतं एवढंच की 'कापड पडलंय'. जणू कापडालाच काहीतरी झालं, त्याला ताप आला आणि त्याची किंमत उतरली.

फेटिशिझम म्हणजे बरोब्बर हे. किंमत हा वस्तूचा गुण आहे असं वाटणं, वजन किंवा रंग जसा गुण असतो तसा. पण तागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी त्यात किंमत सापडणार नाही, मार्क्स टोमणा मारतो की मोत्यात किंवा हिऱ्यात विनिमयमूल्य शोधून काढलेला रसायनशास्त्रज्ञ अजून जन्माला यायचाय. किंमत असते ती माणसं एकमेकांसाठी काम करतात आणि ते काम ज्या पद्धतीने एकमेकांशी तोललं जातं त्या व्यवस्थेत, फक्त ती व्यवस्था आपल्याला वस्तूच्या अंगावर चिकटलेली दिसते.

मग असं सगळ्या काळात होतं का? नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. युरोपातला सरंजामी वेठबिगार घ्या. आठवड्यातले अमुक दिवस तो स्वतःच्या तुकड्यावर राबायचा आणि अमुक दिवस मालकाच्या शेतावर. जुलूम होता, त्यात गोड काहीच नव्हतं, पण लपलेलंही काही नव्हतं. आपण कोणासाठी राबतोय, किती दिवस, कोणाच्या धाकाने, हे त्याला बोटावर मोजून सांगता आलं असतं. बाजारात काम करणाऱ्याला चाबूक घेऊन कोणी उभा दिसत नाही, त्याला दिसतो फक्त दर. त्यामुळे जुना काळ बरा होता असं कोणी काढू नये यातून (मार्क्सही काढत नाही), एवढंच की पूर्वी सत्ता उघड होती आणि आता ती आकड्याच्या मागे गेलीये.

आता यात खरा वादाचा भाग सुरू होतो. विणकरांची हालत इतकी बिघडली की प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं, १८३४-३५ मध्ये त्यावर समिती बसली, ढिगाने साक्षी झाल्या. विणकामाला किमान दर ठरवून देणारं बिल १८३५ साली आणायचा प्रयत्न झाला आणि संसदेने तो उडवून लावला. पुढे एक रॉयल कमिशन नेमलं गेलं, त्याचा रिपोर्ट १८४१ चा, आणि त्याचा सूर असा की बाबांनो या धंद्यातून बाहेर पडा आणि पोराबाळांना तर यात घालूच नका. कायदा काय करणार, भाव हा भाव आहे. म्हणजे पाऊस पडतो तसा भाव पडतो, पावसाविरुद्ध बिल कसं पास करणार?

पण त्याच संसदेचं बाकीचं रेकॉर्ड बघा. १८१५ पासून धान्याचे कायदे लागू होते, बाहेरून येणारं स्वस्त धान्य अडवून देशातल्या धान्याचा भाव चढा ठेवायचा, म्हणजे जमीनदारांची सोय, आणि ते १८४६ पर्यंत चालले. तिथे भाव निसर्गाच्या नियमाने ठरतो असं कोणाला आठवलं नाही. मजुरांनी मजुरी वाढवून मागायला एकत्र यायचं नाही असा कायदा १७९९-१८०० मध्ये झाला होता आणि तो १८२४ पर्यंत टिकला. आणि मॅजिस्ट्रेटने मजुरीचे दर ठरवायची जी एलिझाबेथच्या काळापासूनची तरतूद होती, वापरात फारशी नसली तरी पुस्तकात होती, ती १८१३ मध्ये काढून टाकली. हे सगळं एकत्र ठेवलं की कळतं की विणकराच्या ताग्याचा जो 'नैसर्गिक' भाव होता त्याच्या खाली किती कायदे, किती बंदी आणि किती जणांचं बळ रचून ठेवलेलं होतं. भाकरी महाग ठेवायला कायदा चालतो, ती भाकरी घेणाऱ्याच्या मजुरीला मात्र कायदा चालत नाही. हे माणसांनी घेतलेले निर्णय होते, पण भाव म्हणून समोर आले की त्यांच्यावर कोणाची सही दिसत नाही.

इथे एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, कारण ती सुटली की सगळा विषय भाबडा होऊन बसतो. कमिशनचा सल्ला व्यवहारात खोटा नव्हता. एकट्या विणकरासाठी भाव खरोखरच पावसासारखा होता, त्याने कितीही विचार केला, कितीही वाचन केलं, अगदी मूल्याचा सिद्धांत तोंडपाठ केला तरी दुसऱ्या दिवशी व्यापारी तोच दर सांगणार. म्हणून फेटिशिझम म्हणजे नुसता गैरसमज, समजावून सांगितला की गेला, असं धरणं चूक आहे. मार्क्स त्यासाठी हवेचं उदाहरण देतो, हवेत कुठले वायू आहेत ते विज्ञानाने शोधलं तरी हवा काही बदलली नाही, आपण तीच हवा घेतो. तसंच हे. भावामागे माणसं आहेत हे कळलं तरी भाव माणसांवर हुकूम चालवतच राहतो, कारण सगळे जण वेगवेगळे, एकमेकांना न विचारता माल काढतायत आणि आपलं काम समाजाच्या उपयोगी पडलं की नाही हे त्यांना कळायचा दुसरा मार्गच नाही, माल विकला गेला की नाही आणि कितीला, एवढाच.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात तगडा माणूस, बाजाराचा खंदा समर्थक असलेला अर्थशास्त्रज्ञ फ्रिडरिख हायेक. त्याचा १९४५ चा एक निबंध आहे, त्यात तो कथलाचं उदाहरण देतो. समजा जगात कुठेतरी कथलाचा नवा वापर सुरू झाला किंवा एखादी खाण बंद पडली. यातलं नक्की काय झालं हे कथील वापरणाऱ्या हजारो लोकांना कळायची गरजच नाही, भाव चढला की ते आपोआप जपून वापरतात, कोणी हुकूम न देता सगळं जुळून येतं. म्हणजे गंमत बघा, हायेक आणि मार्क्स एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत. किंमत मागचं सगळं झाकते आणि फक्त एक आकडा पुढे सरकवते. मार्क्स म्हणतो हाच घोळ आहे आणि हायेक म्हणतो हीच तर कमाल आहे.

मला विचाराल तर हायेकचा मुद्दा उडवून लावण्यासारखा अजिबात नाही. रोज वापरायच्या प्रत्येक वस्तूमागची माणसं समजून घ्यायची म्हटलं तर सकाळचे कपडे घालेपर्यंत संध्याकाळ होईल. आणि बाजारभाव काढून टाकून सगळं वरून ठरवायचं म्हटलं तर तिथेही माणसांचे संबंध उघड होतातच असं नाही, सोव्हिएत नियोजनात ते कोट्याच्या आणि टार्गेटच्या आकड्यांमागे गेलेच. पण हायेकच्या उदाहरणात एक निवड गुपचूप झालेली आहे. कथील हे सोपं उदाहरण आहे, कथलाचा साठा कमी झाला तर कथलाला दुखत नाही. खाण 'बंद पडली' असं म्हणताना ती का पडली, संपली म्हणून की आत छत कोसळलं म्हणून, हे भावाला सारखंच. आणि उलटही, भाव उतरला तो कोणीतरी शहाणी युक्ती शोधली म्हणून, की कोणीतरी मजुरी कापली आणि सुरक्षेचा खर्च वाचवला म्हणून, हे आकड्यातून कळत नाही. विकत घेणाऱ्यासाठी दोन्ही म्हणजे स्वस्त. हायेक म्हणतो हे कळायची गरज नाही, आणि माझं भांडण तिथे आहे, कारण 'गरज नाही' हे कोणाच्या बाजूने ठरलं? घेणाऱ्याच्या. त्या छताखालच्या माणसाला विचारलं तर गरज असते.

मूल्य म्हणजे श्रमाचे तास या मार्क्सच्या पायावरच ज्यांचा आक्षेप आहे तेही भरपूर आहेत, १८७० च्या दशकापासून अर्थशास्त्राचा मुख्य प्रवाह त्या रस्त्याने जातच नाही, भाव मागणी-पुरवठ्यातून आणि शेवटच्या नगाच्या उपयोगितेवरून समजावतात. ठीक आहे, तसं धरा. पुरवठा म्हणजे तरी काय, कोण किती दरात किती तास राबायला तयार आहे, आणि तयार का आहे, हेच ना? तेव्हा माझ्या मते फेटिशिझमचा मुद्दा त्या वादात हरला तरी पूर्ण बुडत नाही. कट्टर मार्क्सवाद्यांना हे पटणार नाही, नसू दे.

यातून हल्लीचा एक प्रश्न सुटायला मदत होते असं मला वाटतं, तो म्हणजे 'जागरूक ग्राहक' हा उपाय. माल कुठे बनला, कोणी बनवला हे लेबलवर लिहा, लोक वाचतील, वाईट माल घेणार नाहीत आणि प्रश्न मिटेल. ऐकायला छान आहे. पण मागच्या विणकराच्या केसमध्ये लेबल लावून बघा, 'हा तागा दहा तासांत घरी विणला', आणि शेजारी गिरणीचा तागा निम्म्या भावात. काही लोक पहिला घेतील, आणि लगेच 'घरी विणलेला' हीच एक वेगळी वस्तू होईल, तिचा वेगळा भाव, वेगळी स्पर्धा. म्हणजे संबंध उघड करायला गेलो आणि त्याचाच माल झाला. लेबलं वाईट नाहीत, पण ती संबंधाबद्दल माहिती देतात, संबंध बदलत नाहीत.

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे पाच कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. १,१३४ माणसं गेली. बँक बंद आणि शिलाई चालू, हा फरक का पडला? शिलाईवाल्यांच्या डोक्यावर ऑर्डरची तारीख होती, उशीर झाला तर नुकसान कारखान्याचं, आणि एक दिवस बुडला तर पगार कामगाराचा. ही तारीख आणि तो दर ठरवणारे लोक वेगळ्याच खंडात बसले होते, ते काही क्रूर होते असं मानायची गरज नाही, त्यांच्या समोरही एक आकडाच होता.

त्यानंतर एक प्रकार असा झाला की कोणते ब्रँड तिथून कपडे शिवून घेत होते हे शोधायला लोक ढिगाऱ्यात लेबलं आणि ऑर्डरचे कागद हुडकत होते, कारण काही कंपन्या आपला संबंध नाही म्हणत होत्या. मार्क्सने याच फेटिशिझमच्या भागात लिहून ठेवलंय की बाजारातल्या भावांच्या चढउतारामागचा श्रमाचा नियम कसा जाणवतो, तर घर डोक्यावर कोसळल्यावर गुरुत्वाकर्षण जाणवतं तसा. त्याने ती उपमा म्हणून दिली होती.

पण तिथे पुढे जे झालं ते नुसत्या लेबलापेक्षा वेगळं होतं. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात आग आणि इमारत सुरक्षेचा एक करार झाला, 'अकॉर्ड' म्हणतात त्याला, आणि त्यावर पुढे २०० हून जास्त कंपन्यांनी सह्या केल्या. हा करार कायद्याने बंधनकारक होता, स्वतंत्र इंजिनियर कारखाने तपासणार, रिपोर्ट जाहीर होणार, धोका असेल तर कामगाराला आत जायला नकार देता येणार. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम म्हणजे ब्रँडने कारखान्याशी व्यवहाराच्या अटी अशा ठरवायच्या की सुरक्षेचा खर्च कारखान्याला परवडला पाहिजे. म्हणजे जो दर आत्तापर्यंत 'बाजार ठरवतो' म्हणून कोणाच्याच अंगावर येत नव्हता, त्याच्या एका भागावर एका कंपनीची सही आली. इथे ग्राहकाने काही वाचायची किंवा पटवून घ्यायची भानगड नव्हती. ज्या दोन बाजू भावाच्या दोन टोकांना एकमेकींना न बघता उभ्या होत्या त्या एका कागदावर आल्या, आणि भांडण झालं तर जायचं कुठे हेही ठरलं.

सगळं गोड झालं असं नाही. करार फक्त सुरक्षेपुरता होता, मजुरीचा दर त्यात नव्हता, आणि तो फक्त सह्या करणाऱ्या कंपन्यांच्या कारखान्यांपुरता, बाकीचे बाहेरच. मालाचा भाव त्यानंतरही स्पर्धेतच ठरत राहिला. पण कलम कागदावरच राहिलं असंही झालं नाही, २०१६ मध्ये कामगार संघटनांनी दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या लवादाकडे दावे नेले, आरोप हाच की दुरुस्तीसाठी जे करायचं कबूल केलं होतं ते केलं नाही, आणि दोन्ही प्रकरणं तडजोडीत मिटली, त्यातल्या एका कंपनीने २३ लाख डॉलर भरायचं मान्य केलं, त्यातले बहुतेक कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी.